दोरी तीच, घरं वेगळी

सहावीच्या मुलांना ७ सेंमी लांब आणि ५ सेंमी रुंद आयत दिला, की बरीच मुलं परिमिती २४ आणि क्षेत्रफळ ३५ असं पटकन सांगतात. मग विचारावं, "परिमिती २४ सेंमीच ठेवली आणि आयत लांबट केला, तर क्षेत्रफळ बदलेल का?" "नाही, तेवढंच राहील," असं उत्तर हमखास येतं. दोन्ही सूत्रांत तीच लांबी आणि तीच रुंदी असते. त्यामुळे एक माप कायम राहिलं की दुसरंही राहणार, असं मुलं धरून चालतात.

मोठी माणसंही असंच धरून चालत. पाचव्या शतकातल्या प्रोक्लस या ग्रीक भाष्यकाराने जमिनीच्या वाटणीची एक हकिगत नोंदवली आहे. काही जण जास्त घेराचा तुकडा साथीदाराला देत आणि कमी घेराचा स्वतःकडे घेत. प्रत्यक्षात जमीन त्यांनाच जास्त मिळे, शिवाय सचोटीचं नावही होई.

हा समज मोडायला जाड दोरा, चार टाचण्या, खाली ठेवायला थर्माकोलचा तुकडा आणि चौकटीचा कागद एवढं पुरतं. वहीतलं घर १ सेंमीचंच असेल असं नाही, म्हणून आधी पट्टीने मोजून घ्यावं. लहान असेल तर १ सेंमीची घरं मुलांकडूनच आखून घ्यावीत. ताणला जाणारा दोरा घेऊ नये. २७-२८ सेंमी दोरा कापून त्यावर २४ सेंमी अंतराने दोन खुणा कराव्यात आणि त्या खुणा एकमेकींना भिडतील अशी गाठ मारावी. सरळ २४ सेंमी कापून गाठ मारली, तर गाठीतच दोरा जातो आणि एकही आयत रेषांवर नीट बसत नाही.

आता दोऱ्याच्या फासात चार टाचण्या टोचून आयत करायचा. कडा कागदाच्या रेषांवरच हव्यात. दोरा तिरका झाला तर कोपरे काटकोनात राहत नाहीत, आणि आतली घरं मोजणं फसतं. ११ बाय १ चा आयत केला की आत ११ घरं येतात. १० बाय २ मध्ये २०, ९ बाय ३ मध्ये २७, ८ बाय ४ मध्ये ३२, ७ बाय ५ मध्ये ३५ आणि ६ बाय ६ मध्ये ३६. दोरा तोच, एक मिलिमीटरही वाढलेला नाही, आणि ११ घरांची ३६ झाली. हे आकडे शिक्षकांनी फळ्यावर आधीच लिहू नयेत. मुलांनी घरं मोजून एकाखाली एक मांडली, की कडा एकमेकींच्या जवळ येतील तसं क्षेत्रफळ वाढतं हे त्यांचं त्यांनाच दिसतं. कुणी तरी विचारतंच, "साडेसहा बाय साडेपाच केला तर?" तोही मोजता येतो. पूर्ण घरं ३०, अर्धी ११ म्हणजे साडेपाच, आणि कोपऱ्यात पाव घर. एकूण ३५.७५, म्हणजे ३६ पेक्षा कमीच.

याच कामात आणखी एक चूक उघडी पडते. दोरा बाजूला ठेवून फक्त कागदावरून परिमिती काढायला सांगितली, की काही मुलं ७ बाय ५ च्या आयताची परिमिती २० सांगतात. उत्तर बरोबर ४ ने कमी आलं, की कारण ओळखता येतं. मूल कडेची लांबी मोजत नाही, कडेला लागून असलेली घरं मोजतं. कोपऱ्यातलं घर एकच असलं तरी त्याच्या दोन बाजू कडेवर येतात. अशी चार घरं, म्हणून चारचा फरक. इथे "चुकलं, पुन्हा कर" म्हणून काही होत नाही. मुलाला दोऱ्यावरून बोट फिरवत एकेक सेंमी मोजायला लावावं. बोट कोपऱ्यावर वळलं की त्याच घराची दुसरी बाजू सुरू होते, आणि चूक जागच्या जागी सापडते.

यानंतर मोजणी वर्गाबाहेर न्यावी. समजा शाळेच्या बागेत वाफा करायचा आहे आणि जाळी १२ मीटर आहे. वाफा लांबट करायचा की चौरस? ३ बाय ३ मीटर केला तर ९ चौरस मीटर जागा मिळते, ५ बाय १ केला तर फक्त ५. सूत्राने उत्तर काढण्याआधी मुलांनी सुतळी आणि खुंट्या घेऊन दोन्ही वाफे जमिनीवर आखावेत. जुनी वर्तमानपत्रं चिकटवून १ मीटर बाजूचा चौरस करावा आणि आत मांडून पाहावा. त्याच कागदावर १ सेंमीची घरं किती बसतील हेही विचारावं. पुष्कळ मुलं १०० म्हणतात. मग एका ओळीत १०० घरं आणि अशा ओळीही १००, हे आखून दाखवावं लागतं, तेव्हा १०,००० पटतात.

चौरस वाफा मात्र नेहमीच सोयीचा नसतो. ३ मीटर रुंद वाफ्याच्या मधोमध मुलांचा हात पोचत नाही, तण काढायचं तर रोपांवरच पाय पडतो. १ मीटर रुंद वाफा दोन्ही बाजूंनी खुरपता येतो. वाफा कसा करायचा हे मुलांनीच ठरवावं, पण लांबट वाफा निवडला तर जागा ४ चौरस मीटरने घटली, हे त्यांना मोजून सांगता आलं पाहिजे.