पगाराचं खातं बदलताना

बँक बदलली की कंपनीला द्यायचं पत्र बहुतेक जण दोन ओळींत उरकतात: ‘माझे खाते बदलले आहे, कृपया नोंद घ्यावी.’ अशा पत्रावर पगार विभाग काहीच करू शकत नाही. पैसे कुठे जाणार हे खात्याच्या आकड्यांवरून ठरतं आणि कधीपासून जाणार हे तारखेवरून. पत्राचा सगळा जीव या दोन गोष्टींत आहे.

आधी आकडे. कंपनी आपल्या बँकेला पगाराची यादी पाठवते. त्यात नाव, खाते क्रमांक, आयएफएससी आणि रक्कम असते. एनईएफटीने आलेले पैसे केवळ खाते क्रमांक पाहून जमा करायला रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार मुभा आहे. क्रमांक बरोबर देण्याची जबाबदारी पाठवणाऱ्यावर असते आणि त्याला तो तुमच्याच पत्रातून मिळालेला असतो. चुकीचा क्रमांक अस्तित्वातच नसेल तर पैसे कंपनीकडे परत येतात. पण तो दुसऱ्या कुणाचा निघाला तर पगार त्याच्या खात्यात जाऊन बसतो आणि तो परत मिळवणं फार जिकिरीचं होतं. म्हणून क्रमांक पासबुकात पाहून टाइप करा, हाताने लिहू नका. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो: पहिली ४ अक्षरं बँकेची, शेवटची ६ शाखेची. मधलं पाचवं चिन्ह शून्य असतं आणि तिथेच लोक इंग्रजी ‘ओ’ लिहून ठेवतात. पत्राला रद्द केलेला चेक जोडायचा तो याच पडताळणीसाठी. त्यावर नाव छापलेलं असावं. नव्या खात्याच्या पहिल्या चेकबुकावर ते नसेल तर पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत द्या.

आता तारीख. समजा, पिंपरीच्या एका कारखान्यात काम करणाऱ्या बाईंचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेला होतो. त्यांनी जुलैत पत्र दिलं आणि लिहिलं, ‘ऑगस्टपासून नव्या खात्यात जमा करावा.’ त्यांच्या मनात होता ७ ऑगस्टला हाती येणारा पगार. पगार विभागाने अर्थ घेतला ऑगस्ट महिन्याचा पगार, म्हणजे ७ सप्टेंबरला येणारा. दोन्ही अर्थ बरोबरच. दरम्यान बाईंनी जुनं खातं बंदही केलं. जुलैचा पगार बंद खात्याकडे गेला, तिथून परत आला आणि पुन्हा पाठवण्यात आठवडा मोडला. शिवाय १० तारखेचा घरकर्जाचा हप्ता जुन्याच खात्यातून वळता होत होता. तो बाऊन्स झाला, दंड लागला आणि क्रेडिट अहवालात उशिराची नोंद झाली.

एवढं सगळं एका वाक्याने टळलं असतं. पत्र असं हवं होतं:

‘विषय: पगाराच्या बँक खात्यात बदल करण्याबाबत. महोदय, मी उत्पादन विभागात काम करते. माझा कर्मचारी क्रमांक अमुक. माझा पगार सध्या अमुक बँकेच्या, शेवटचे आकडे ४४१७ असलेल्या खात्यात जमा होतो. जुलै महिन्याचा पगार, म्हणजे ७ ऑगस्ट रोजी जमा होणारा, पुढील खात्यात जमा करावा, ही विनंती.’ त्याखाली पासबुकावर आहे तसंच नाव, बँक आणि शाखा, पूर्ण खाते क्रमांक, आयएफएससी, सोबत जोडलेल्या कागदांचा उल्लेख, तारीख, सही. बँक का बदलली हे लिहायची गरज नाही. जुन्या खात्याचे शेवटचे चार आकडे मात्र हवेतच. नोंद नेमकी कोणती बदलायची ते त्यावरून कळतं.

हे पत्र पगाराची यादी बंद होण्याआधी पोहोचलं पाहिजे. ती तारीख प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, तेव्हा विचारून घ्या आणि पत्राच्या प्रतीवर पोच घ्या. ईमेल केलात तर पगार विभागाकडून खात्रीसाठी फोन येईल किंवा प्रत्यक्ष बोलावतील. त्याचा राग मानू नये. कर्मचाऱ्याच्या नावाने खोटा ईमेल पाठवून पगार दुसऱ्याच खात्यात वळवण्याची फसवणूक आता सर्रास होते. उलट कुणीच विचारलं नाही, तर आपणच जाऊन नोंद झाली का ते पाहावं.

जुन्या बँकेचं कर्ज असेल तर आणखी एक अडचण येऊ शकते. काही बँका कर्ज देताना, आमच्या संमतीशिवाय पगाराचं खातं बदलणार नाही, असं कंपनीकडून लिहून घेतात. तसं असेल तर आधी त्या बँकेचं ना हरकत पत्र आणावं लागतं. ते नसताना दिलेला अर्ज तसाच पडून राहतो.

नव्या खात्यात पहिला पगार दिसेपर्यंत जुनं खातं चालू ठेवा आणि त्यात एका हप्त्यापुरती रक्कम राहू द्या. पगारपत्रकात रक्कम दिसते, पण खात्यात नाही, असं झालं तर पगार विभागाकडे त्या व्यवहाराचा यूटीआर क्रमांक मागा. तो दाखवला की पैसे कुठे अडकले ते बँक शोधू शकते. कर्जाचे आणि विम्याचे हप्ते नव्या खात्यावर आणायचं काम कंपनीच्या पत्राने होत नाही. त्यासाठी त्या त्या संस्थेकडे नवं संमतीपत्र भरावं लागतं. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएनला जोडलेलं खातंही आपोआप बदलत नाही. ते ईपीएफओच्या पोर्टलवर स्वतंत्रपणे बदला, तेही जुनं खातं बंद करण्याआधी.