पासपोर्टची मुदत शिल्लक आहे, तरी विमानात का बसू देत नाहीत?



आपल्या गटांतल्या बऱ्याच जणींची मुलं-मुली आता दुबई, शारजा, सिंगापूरकडे कामाला आहेत. लेकीच्या बाळंतपणाला आई जाते, कुणी उमराहला जाते, कुणी श्रीलंका-थायलंडच्या बौद्ध यात्रेला जाते. तिकिटासाठी गटातून कर्ज उचललेलं असतं. अशा वेळी मुंबईच्या विमानतळावर काउंटरवरचा माणूस पासपोर्ट बघून म्हणतो, "ताई, तुम्हाला जाता येणार नाही." पासपोर्ट खरा, व्हिसा खरा, तिकीट खरं, मुदतही अजून संपलेली नाही. मग अडलं कुठं?

अडतं ते दोन गोष्टींवर. एक म्हणजे पासपोर्टची उरलेली मुदत आणि दुसरं म्हणजे कोरी पानं. दोन्ही गोष्टी घरी बसून पाच मिनिटांत तपासता येतात.

सहा महिन्यांचा हिशोब

पासपोर्टवर जी शेवटची तारीख छापलेली असते, त्या तारखेपर्यंत कुठंही जाता येतं असं आपल्याला वाटतं. पण दुबई-शारजा, सिंगापूर, मलेशिया, थायलंड, श्रीलंका असे पुष्कळ देश म्हणतात की आमच्याकडे पाऊल ठेवाल त्या दिवशी पासपोर्टची किमान सहा महिने मुदत शिल्लक पाहिजे. कारण सरळ आहे. माणूस पंधरा दिवसांसाठी जातो आणि आजारपणामुळं किंवा दुसऱ्या काही अडचणीनं चार महिने अडकतो. तेवढ्यात पासपोर्ट संपला, तर त्याला तिथं राहताही येत नाही आणि परतही येता येत नाही.

एक उदाहरण घेऊ. समजा, हर्सूलच्या एका ताईंची लेक दुबईत आहे आणि तिची तारीख जानेवारीच्या शेवटी आहे. ताईंच्या पासपोर्टची मुदत 17 जून 2027 ला संपते. त्यांनी 10 डिसेंबर 2026 ला व्हिसाचा अर्ज केला. त्या दिवशी सहा महिने आणि वर एक आठवडा शिल्लक होता, म्हणून व्हिसा मिळाला. एजंट म्हणाला, "झालं काम." तिकीट काढलं 10 जानेवारी 2027 चं. आता मोजा. 10 जानेवारीपासून सहा महिने म्हणजे 10 जुलै, आणि पासपोर्ट संपतो 17 जूनला. तेवीस दिवस कमी पडले! ताई एवढा प्रवास करून मुंबईला पोचणार आणि काउंटरवरून परत फिरणार.

व्हिसा मिळाला म्हणजे सगळं ठीक, असं इथं समजू नका. अर्जाच्या दिवशी पुरेशी असलेली मुदत प्रवासाच्या दिवशी कमी पडू शकते.

म्हणून एक सोपी युक्ती. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर शेवटची तारीख बघा. तिथं आधी दिवस, मग महिना, मग वर्ष असतं. त्या तारखेतून सहा महिने मागं या. या ताईंच्या बाबतीत 17 डिसेंबर 2026 येते. अशा देशांसाठी तीच तुमच्या पासपोर्टची खरी शेवटची तारीख समजा. ती एका चिठ्ठीवर लिहून पासपोर्टच्या पाकिटात ठेवा. पासपोर्टवर मात्र लिहू नका.

सगळीकडे नियम एकसारखा नाही. हज 2026 साठी हज कमिटीनं पासपोर्ट 31 डिसेंबर 2026 पर्यंत चालू पाहिजे, अशी ठराविक तारीखच दिली होती. कैलास-मानसरोवरच्या सरकारी यात्रेत त्या वर्षीच्या 1 सप्टेंबरला सहा महिने शिल्लक असावे लागतात. युरोपातल्या बऱ्याच देशांत तिथून निघायच्या तारखेनंतर तीन महिने धरतात. नेपाळला तर पासपोर्टच लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. म्हणून आपण जाणार त्या देशाचा नियम त्यांच्या दूतावासाच्या किंवा विमान कंपनीच्या संकेतस्थळावर बघून घ्यायचा. शेजारणीला चाललं म्हणून आपल्यालाही चालेल, असं नसतं.

विमान कंपनी का अडवते?

"तिकडचे अधिकारी बघतील, तुम्ही कशाला अडवता?" असं भांडून उपयोग नसतो. त्या देशानं प्रवाशाला आत घेतलं नाही, तर त्याला परत आणायचा खर्च विमान कंपनीवर पडतो आणि वर दंडही लागू शकतो. म्हणून काउंटरवरची माणसं प्रत्येक देशाचे नियम संगणकावर बघूनच बोर्डिंग पास देतात. एका दिवसाची कमी असली तरी त्यांच्या हातात काही नसतं. आणि कागद अपुरा म्हणून अडवलं, तर तिकिटाचे पूर्ण पैसे सहसा परत मिळत नाहीत. गटाच्या कर्जाचा हप्ता मात्र चालूच राहतो.

कोरी पानं

दुसरी अडचण पानांची. साधा पासपोर्ट 36 पानांचा असतो. प्रत्येक प्रवासात शिक्के पडतात आणि काही देशांचा व्हिसा अख्ख्या पानावर चिकटवतात. काही देश एक, तर काही दोन पूर्ण कोरी पानं मागतात. दक्षिण आफ्रिका दोन मागते आणि युरोपच्या शेंगेन व्हिसालाही दोन लागतात. अर्धं कोरं पान कोरं धरत नाहीत. आई-वडिलांची नावं आणि पत्ता छापलेलं पानही यात मोजत नाहीत.

पहिल्यांदा जाणाऱ्या ताईला पानं संपायची भीती नसते. पण तिथं वेगळाच घोळ होतो. नातवानं पेनानं रेघोट्या मारलेल्या असतात, कुणी फोन नंबर टिपलेला असतो, पावसात पानं ओली होऊन चिकटलेली असतात. असा पासपोर्ट खराब झालेला धरतात आणि त्यावरूनही अडवू शकतात.

मुदत किंवा पानं कमी असतील तर

आपल्याकडे पासपोर्टची मुदत वाढवून देत नाहीत आणि जादा पानंही जोडून देत नाहीत. दोन्हीसाठी नवा पासपोर्ट घ्यावा लागतो. याला 'री-इश्यू' म्हणतात. मुदत संपायच्या एक वर्ष आधीपासून अर्ज करता येतो. www.passportindia.gov.in वर अर्ज भरायचा, मोठ्या माणसासाठी 36 पानांची फी 1500 रुपये भरायची, तारीख घ्यायची आणि जुना पासपोर्ट व मूळ कागद घेऊन आपल्या शहरातल्या पोस्ट ऑफिस पासपोर्ट सेवा केंद्रात जायचं. घाई असेल तर तत्काळसाठी 2000 रुपये वेगळे लागतात. पोलिस पडताळणी निघाली तर वेळ जातो, म्हणून प्रवासाच्या दोन-तीन महिने आधीच सुरुवात करा. शंका असेल तर 1800-258-1800 हा नंबर मोफत आहे.

नवा पासपोर्ट पुढच्या दहा वर्षांसाठी मिळतो. लहान मुलांचा मात्र साधारण पाचच वर्षांचा असतो, म्हणून नातवंडं सोबत असतील तर त्यांची तारीख वेगळी बघा.

नव्या पासपोर्टचा नंबर बदलतो, हेही लक्षात ठेवा. दुबईचा व्हिसा जुन्या नंबरवर काढला असेल, तर तो नव्यावर चालत नाही. वरच्या उदाहरणातल्या ताईंनी नोव्हेंबरमध्ये तारीख मोजली असती, तर आधी नवा पासपोर्ट आणि मग त्यावर व्हिसा, असं जमलं असतं. म्हणून क्रम असा: आधी पासपोर्ट, मग व्हिसा, सगळ्यात शेवटी तिकीट. जुन्या पासपोर्टवर अमेरिकेसारख्या देशाचा चिकटवलेला, चालू व्हिसा असेल, तर तो पासपोर्ट फेकू नका. प्रवासात जुना आणि नवा दोन्ही सोबत लागतात.

पुढच्या बैठकीला ज्यांच्याकडे पासपोर्ट आहे त्यांनी तो घेऊन या. शेवटची तारीख आणि कोरी पानं सगळ्याजणी मिळून बघू. आणि तिकिटासाठी कुणी कर्ज मागितलं, तर सचिव ताईंनी पैसे देण्याआधी पासपोर्टची तारीख बघावी आणि ती अर्जावर लिहून घ्यावी.