पळसाचा केशरी वेबवर नेताना

टिपेश्वरचा वाघ एसआरजीबीत सहज मावतो, पळस मावत नाही. वाघाचे अंग केशरी वाटले तरी तो रंग तपकिरीकडे झुकलेला असतो. फाल्गुनात यवतमाळच्या रानात फुलणाऱ्या पळसाची पाकळी मात्र, विशेषतः ऊन मागून येत असेल तेव्हा, एसआरजीबीच्या कुंपणाबाहेर जाते. फोटो कोणत्या कलर स्पेसमध्ये संपादित करायचा, हा प्रश्न म्हणूनच पळसाच्या फोटोवर तपासून पाहावा.

कलर स्पेस ठरते ती तिच्या लाल, हिरव्या आणि निळ्या या तीन मूळ रंगांवरून. त्या तीन टोकांच्या त्रिकोणात जे रंग येतात, तेवढेच त्या स्पेसमध्ये लिहिता येतात. एसआरजीबी अपुरी पडली की बरेच जण डोळे मिटून अडोबी आरजीबीकडे वळतात. पण १९९८ च्या या स्पेसचे लाल आणि निळे टोक एसआरजीबीचेच आहे. फक्त हिरवे टोक पुढे सरकवलेले आहे. पावसाळ्यातल्या सागवनाच्या हिरव्याला त्याचा उपयोग होतो, पळसाच्या तांबूस केशरीला फारसा नाही. लाल टोकही बऱ्यापैकी पुढे नेणारी स्पेस म्हणजे कोडॅकची प्रोफोटो आरजीबी. पळसासाठी मी तीच घेतो.

तिची अट एकच: १६ बिट. ही स्पेस इतकी पसरट आहे की तिची हिरवी आणि निळी टोके डोळ्याला दिसणाऱ्या रंगांच्याही बाहेर पडतात. एवढ्या विस्तारात ८ बिटच्या २५६ पायऱ्या विरळ पडतात आणि संपादन करताना आकाशात पट्टे उमटू लागतात. शिवाय मुळात रॉ फाइल हवी. कॅमेऱ्याच्या मेनूतली कलर स्पेसची निवड जेपेगला लागू होते. रॉला तिचा फरक पडत नाही, पण जेपेग एकदा एसआरजीबीत तयार झाली की कापला गेलेला रंग प्रोफोटोत नेऊन परत मिळत नाही.

आता उन्हातली एक फांदी घ्या. रॉमधून १६ बिट प्रोफोटो टिफ काढली आणि मनासारखी संपादित केली. तिचे एसआरजीबीत काय होईल हे रूपांतराआधीच बघायचे. फोटोशॉपमध्ये `View > Proof Setup > Custom` मध्ये `sRGB IEC61966-2.1` निवडून `Gamut Warning` लावले की उन्हाकडच्या पाकळ्या करड्या होतात. याच पाकळ्या कुंपणाबाहेर आहेत. तशाच सोडल्या तर लाल चॅनल २५५ वर आणि निळा शून्यावर अडकतो. पाकळीच्या शिरा आणि घड्या तेवढ्या हिरव्या चॅनलच्या भरवशावर उरतात, आणि लाल पुढे जाऊ शकत नसल्याने केशरी पिवळ्याकडे घसरतो. वेबवर पळस प्लास्टिकचा दिसतो तो असा.

इथे पुष्कळांची भिस्त `Perceptual` या पर्यायावर असते. सगळे रंग हळुवार आत ओढून घेईल, असा त्यांचा समज. पण नेहमीची एसआरजीबी प्रोफाइल साध्या मॅट्रिक्सची आहे, तिच्यात त्यासाठी लागणारा तक्ताच नसतो. काहीही निवडले तरी बाहेरचा रंग कडेला कापला जातो. म्हणून रंग हातानेच आत आणावा लागतो. मी आधी केशरी आणि लाल रंगाचा उजेड थोडा उतरवतो, कारण एसआरजीबीत फार उजळ असूनही रसरशीत असा केशरी नाहीच. मग थोडे सॅच्युरेशन कमी करतो. करडेपणा पूर्ण जाण्याची वाट बघत नाही. शिरा दिसू लागल्या की थांबतो. साध्या लॅपटॉपचा पडदा मुळात एसआरजीबीएवढाच, कधी त्याहून कमी दाखवतो. तेव्हा नजरेपेक्षा या इशाऱ्यावर आणि चॅनलच्या आकड्यांवर विसंबावे.

मग आकार लहान करा, `Edit > Convert to Profile` मधून एसआरजीबीत न्या, ८ बिट करा, धार द्या आणि प्रोफाइल आत ठेवून जेपेग साठवा. जवळचेच `Assign Profile` मात्र नको. `Convert` आकडे बदलते आणि रंग शक्यतो तोच ठेवते. `Assign` आकडे तसेच ठेवून त्यांचा अर्थ बदलते. एसआरजीबीचा शुद्ध लाल म्हणजे २५५, ०, ०. तोच रंग प्रोफोटोत साधारण १७९, ७०, २६ असा लिहिला जातो. हे आकडे न बदलता एसआरजीबी म्हणून वाचले, तर लालऐवजी विटकरी दिसतो. प्रोफोटोतली फाइल प्रोफाइल न जोडता वेबवर टाकली तरी हेच होते, कारण प्रोफाइल नसलेले चित्र ब्राउझर सहसा एसआरजीबी मानतो. संपादनात रसरशीत असलेला फोटो वेबवर एकदम मळकट दिसला, तर पहिला संशय इथेच घ्यावा.

खात्री करायला एक ओळ पुरते:

```
exiftool -ICC_Profile:ProfileDescription palas.jpg
```

उत्तरात `sRGB IEC61966-2.1` आले की प्रोफाइल जागेवर आहे. काहीच छापून आले नाही, तर ती जोडलेली नाही. मात्र `Assign` ने चुकीची चिकटवलेली प्रोफाइलही हीच ओळ दाखवते, म्हणून टिफ आणि जेपेग शेजारी शेजारी उघडून सावलीतल्या पाकळ्या जुळवून पाहा. त्या कुंपणाच्या आतच होत्या, त्यामुळे त्यांच्यात फरक दिसायला नको.