अडीचशे रुपयांचं डिझेल आणि एक एकर तांबडी माती

कर्नाटक सरकारने 2022-23 च्या अर्थसंकल्पात ‘रैत शक्ती’ ही योजना जाहीर केली. शेतकऱ्याला डिझेलसाठी एकरी 250 रुपये, जास्तीत जास्त पाच एकरांपर्यंत, म्हणजे कमाल 1250 रुपये थेट बँक खात्यात. त्या सुमारास बेंगळुरूत डिझेल लिटरला 88 रुपयांच्या आसपास होतं. म्हणजे एकरी मदत झाली पावणेतीन लिटरांहून किंचित जास्त. एवढ्या डिझेलमध्ये एका एकराचं नेमकं कोणतं काम उरकतं?

बेंगळुरूच्या उत्तरेला देवनहळ्ळी, दोड्डबळ्ळापूरकडे निघालं की इमारती मागे पडतात आणि नाचणीची कोरडवाहू तांबडी शिवारं लागतात. ही माती वाळूमिश्रित, हलकी दिसणारी. पण उन्हाळ्यात वाळली की वरचा थर विटेसारखा कडक होतो. इथे किंवा आपल्याकडे, ट्रॅक्टरवाल्याला डिझेलचं विचारलं तर उत्तर तासावर येतं: ‘तासाला चार-साडेचार लिटर.’ त्याच्या हिशेबाला ते पुरतं, शेतकऱ्याच्या नाही. तास रेंगाळतात, एकर तेवढाच राहतो.

म्हणून सुरुवात मातीपासून करावी. नांगर ओढायला लागणारा जोर मुख्यतः तो मातीचा केवढा काप कापतो यावर ठरतो. दोन फाळांचा पलटी नांगर साधारण 60 सेंटिमीटर रुंदीचा असतो. 20 सेंटिमीटर खोल लावला तर काप झाला 1200 चौरस सेंटिमीटर. अमेरिकन कृषी अभियंत्यांच्या संस्थेचं डी-497 हे मानक वेगवेगळ्या मातींसाठी ओढीचे आकडे देतं. त्यात वाळूची माती आणि मध्यम माती यांच्या मधोमध आपली तांबडी माती धरली, तर ताशी पाच किलोमीटर वेगाला दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 450 ग्रॅम जोर लागतो. एकूण ओढ झाली साधारण 550 किलो.

60 सेंटिमीटरच्या पट्ट्यांनी एक एकर नांगरायचा तर ट्रॅक्टरला पावणेसात किलोमीटर चालावं लागतं. 550 किलोची ओढ तेवढं अंतर न्यायची म्हणजे सुमारे 10 युनिट काम. विजेच्या बिलात असतं तेच हे युनिट. एका लिटर डिझेलमध्ये उष्णतेची साधारण 10 युनिटं असतात, पण त्यातली बरीचशी इंजिनाच्या उष्णतेत आणि धुराड्यातून जातात, काही गिअरमध्ये, काही मातीत रुतणाऱ्या चाकाखाली. नांगरापर्यंत पोहोचतात जेमतेम दोन. म्हणून एकराला पाच लिटर. बांधापाशी वळताना, नांगर उचलताना जाणारं लिटरभर त्यात मिळवलं की सहा.

या हिशेबात ट्रॅक्टरच्या अश्वशक्तीचा आकडा कुठेच आला नाही. नांगराची रुंदीही शेवटी गळून पडते. तीन फाळांचा नांगर लावला तर ओढ दीडपट होते आणि चालायचं अंतर तेवढ्याच प्रमाणात घटतं. वेळ वाचतो, डिझेल जवळपास तेवढंच. डिझेल खरं कमी होतं ते खोलीने. 20 ऐवजी 15 सेंटिमीटरवर नांगर चालवला तर ओढीचा पाव भाग वाचतो. नाचणीसारख्या उथळ मुळांच्या पिकाला दरवर्षी खोल नांगरणी लागतेच का, हे शेतकऱ्याने स्वतःला जरूर विचारावं.

हा अंदाज दोन कारणांनी बिघडतो. पहिलं कारण ओल. कडक वाळलेल्या तांबड्या मातीत नांगर घातला तर ओढ वाढते, वर मोठी ढेकळं निघतात आणि ती फोडायला पुन्हा फेऱ्या माराव्या लागतात. एप्रिल-मेच्या वळिवानंतर वाफसा आला की तेच रान सुखाने नांगरलं जातं. ढेकूळ हाताने दाबल्यावर भुगा झालं तर वाफसा आहे. चिकटलं तर अजून थांबायचं.

दुसरं कारण चाकाची घसरण. ती मोजणं सोपं आहे. मागच्या टायरवर खडूची खूण करावी, नांगर वर उचलून चाकाच्या दहा फेऱ्यांत किती अंतर जातं ते मोजावं, मग नांगर लावून त्याच दहा फेऱ्या. समजा पहिल्यांदा 42 मीटर आले आणि नंतर 37, तर घसरण 12 टक्के, ती ठीक. नंतरचं अंतर 30 च्या खाली गेलं तर जवळपास 30 टक्के फेऱ्या नुसत्या मातीत फिरून गेल्या आणि सहा लिटरांचं काम सव्वासातपर्यंत पोहोचलं. मग टायरमधली हवा, चाकावरचं वजन, झिजलेले फाळ हे सगळं तपासायला हवं. हे फाळ पाहणं फार लोक टाळतात. धार गेलेला फाळ माती कापत नाही, ढकलतो.

स्वतःचा आकडा काढायचा तर टाकी भरण्याची पद्धत सगळ्यांत भरवशाची. सपाट जागी ट्रॅक्टर उभा करून टाकी काठोकाठ भरायची, किमान एक एकर काम करायचं, पुन्हा त्याच जागी आणून मापाच्या डब्याने काठापर्यंत भरायची. जेवढं ओतलं तेवढं लागलं. क्षेत्र मात्र उताऱ्यावरून न घेता टेपने मोजावं, कारण बांध आणि पडीक तुकडा वजा जातात. चाळीस गुंठ्यांतले तीन गुंठे बांधाखाली असले तर आकडा तिथेच आठ टक्क्यांनी चुकतो.

आता हंगामाचा हिशेब. समजा दोड्डबळ्ळापूरकडे पाच एकर नाचणी आहे. एक नांगरणी, एकरी 6 प्रमाणे 30 लिटर. नऊ दात्यांच्या कल्टिव्हेटरच्या दोन पाळ्या, प्रत्येकी एकरी अडीच धरून 25. पेरणीपूर्वी एकदा रोटाव्हेटर, एकरी 4 प्रमाणे 20. घर ते शेत जाणं-येणं 6, वाहतूक आणि मळणी 10. हे झाले 91 लिटर.

राखीव डिझेल ठरवताना बरेच जण सरसकट दहा टक्के लावतात. मला ते पटत नाही. कोरडवाहू नाचणीत नेमकं काय बिघडतं ते माहीत आहे: पाऊस लांबतो, पेरणी पुढे जाते, तयार रानात तण उगवतं आणि कल्टिव्हेटरची एक पाळी वाढते. म्हणून राखीव तेवढंच ठेवावं, साडेबारा लिटर. एकूण साधारण 104 लिटर, 88 च्या भावाने सव्वानऊ हजार रुपयांच्या आत. भाव दोन रुपयांनी हलला तर दोनशे रुपयांचा फरक पडतो. नांगरणी वाफशाआधी केली तर त्याहून जास्त जातात.

या हिशेबात 1250 रुपये म्हणजे 14 लिटर, हंगामाच्या डिझेलचा सातवा भाग. एकरापुरतं पाहिलं तर 250 रुपयांत कल्टिव्हेटरची एक पाळी होते. नांगरणी निम्मीही होत नाही. आणि मदतीचा दर सगळ्या राज्याला एकच होता. निपाणीकडच्या काळ्या चिकण मातीत त्याच मानकाचा आकडा चौरस सेंटिमीटरला 800 ग्रॅमच्या घरात जातो. 20 सेंटिमीटर नांगरायला तिथे वळणं धरून एकरी दहा लिटर लागू शकतात. दोड्डबळ्ळापूरच्या शेतकऱ्याला त्या 250 रुपयांत एकोणीस गुंठे नांगरून मिळत होते, निपाणीच्या मराठी शेतकऱ्याला अकरा.