पाच मिनिटांचं भाषण, एकच गोष्ट

२३ फेब्रुवारीला संत गाडगेबाबांची जयंती. परिपाठानंतर फोटोला हार घातला जातो, एक शिक्षक पुढे येतात आणि जन्म १८७६, गाव शेंडगाव, जिल्हा अमरावती, मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर अशी माहिती सुरू होते. चौथ्या वाक्याला मागच्या रांगेतली मुलं बोटानं मातीत रेघोट्या ओढू लागतात. भाषण हातातून निसटल्याची ती पहिली खूण असते. मग शिक्षक आवाज चढवतात आणि ‘आपण सर्वांनी’ने सुरू होणारी वाक्यं येतात. खरं तर त्या वेळी माहिती थांबवून एक प्रश्न विचारायला हवा.

ही रीत खुद्द बाबांचीच आहे. त्यांचं कीर्तन वऱ्हाडी बोलीतल्या सवाल-जवाबांनी पुढे सरकायचं. कर्ज काढून सण करावा का, नवसाला बकरं कापावं का, असं ते समोरच्या माणसांनाच विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढून घ्यायचे. स्वतःच्या तोंडून निघालेलं उत्तर माणसाला नाकारता येत नाही. मुलांचंही तसंच असतं.

गोष्ट मात्र एकच घ्यावी. पहिली ते सातवीच्या मुलांसाठी मी मामाच्या शेताची गोष्ट निवडेन. साधारण अशी:

“मुलांनो, तुमच्या घरी कुणाला पैसे दिले-घेतले तर वहीत कोण लिहून ठेवतं?” दोन-चार हात वर येतात. आई, आजोबा, ताई. “आणि लिहिणारं कुणीच नसेल तर?” इथं थोडं थांबायचं, घाई करायची नाही.

“डेबू लहान असतानाच त्याचे वडील वारले. आई त्याला घेऊन दापुऱ्याला मामाकडे आली. डेबू गुरं राखायचा, पुढे नांगर धरू लागला. नदीत तर मासोळीसारखा पोहायचा. मामानं सावकाराकडून कर्ज घेतलं होतं. पैसे फेडत होता, पण कागदावर काय लिहिलंय ते वाचणारं घरात कुणी नव्हतं. कर्ज संपलं असं मामाला वाटत होतं. सावकाराचा कागद वेगळंच सांगत होता. शेत गेलं. आता सांगा, चूक कुणाची?”

कुणी म्हणेल सावकाराची, कुणी म्हणेल मामाची. एखादी मुलगी म्हणेल, “सर, त्याला शाळेत कुणी घातलंच नव्हतं ना!” तिला शाबासकी देऊन विषय मिटवू नये. ‘अजून कुणाला काय वाटतं?’ एवढंच म्हणावं. मग पुढचं सांगावं: “हाच डेबू मोठा झाला, १९०५ साली घर सोडून निघाला. अंगावर चिंध्यांची गोधडी, हातात झाडू आणि मातीचं गाडगं. स्वतः शाळेत गेला नाही, पण लोकांना सांगत फिरला की ताट विका, हातावर भाकरी घेऊन खा, पण पोरांना शिकवा. त्यानं नाशिकला, पंढरपूरला धर्मशाळा बांधल्या. स्वतःसाठी झोपडीसुद्धा नाही.” भाषण इथंच संपवावं. ‘म्हणून तुम्हीही अभ्यास करा’ हे वाक्य जिभेवर येतंच, पण ते गिळावं. त्या वाक्यानं मुलीचं उत्तर तिच्याकडून काढून घेतलं जातं.

चमत्कार सांगू नयेत. बाबांनी कुणाला पाया पडू दिलं नाही, कुणाला शिष्य म्हटलं नाही. त्यांच्या नावावर चमत्कार खपवणं हा त्यांचा अपमानच आहे. एखाद्या मुलाला चिंध्या नेसवून उभं करतात, तेही मला पटत नाही. बाकीची मुलं हसतात, आणि मग बाबांपेक्षा तो वेशच लक्षात राहतो.

झाडूचा प्रश्न त्याहून नाजूक आहे. बाबा गावात शिरले की कुणाला न सांगता रस्ता झाडायला लागायचे, गटार उपसायचे. हे सांगून आपण मुलांच्या हाती झाडू देतो. पण त्याच शाळेत वर्षभर उशीर झाला की शिक्षा म्हणून वर्ग झाडायला लावत असतील, तर मुलं भाषणावर नव्हे, शिक्षेवर विश्वास ठेवतात. शिवाय ज्यांचे आईवडील सफाईचं काम करतात त्यांच्याकडेच झाडू आपसूक जातो, आणि हे वर्गातल्या प्रत्येकाच्या लक्षात येतं. त्यामुळे त्या दिवशी पहिला झाडू मुख्याध्यापकांनी उचलावा आणि पाळ्या हजेरीपटाच्या क्रमानं लावाव्यात. शिक्षेची ती पद्धतही बंद व्हावी, नाहीतर जयंतीचं भाषण न केलेलंच बरं.

पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेची गोष्ट फेब्रुवारीत सांगून टाकू नये. २० डिसेंबरला पुण्यतिथी येते, आणि तेव्हा तीच मुलं पुन्हा समोर बसलेली असतात.