गिऱ्हाइकाची वाट आधी

पुणे ते मुंबई अंतर दीडशे किलोमीटर. पण पुण्यातल्या एका संगणकावरून मुंबईतल्या दुसऱ्या संगणकाकडे निघालेली माहिती कधीकधी सिंगापूरला वळसा घालून पोचते. दोघांच्या इंटरनेट कंपन्या वेगळ्या असल्या की हे घडू शकतं आणि त्यात बिघाड काहीच नसतो. वाट ठरवणाऱ्या राउटरने त्याला सांगितलेलं काम चोख केलेलं असतं. त्याला जवळची वाट शोधायला सांगितलेलंच नसतं.

इंटरनेट म्हणजे एकच एक जाळं नव्हे. ७५ हजारांहून अधिक स्वतंत्र जाळी एकमेकांना जोडून ते झालेलं आहे. मोबाइल कंपन्या, केबलवाले, बँका, विद्यापीठं, गूगलसारखे बडे, अशी प्रत्येकाची वेगळी हद्द आणि प्रत्येक हद्दीला एक क्रमांक. त्याला एएस नंबर म्हणतात. या हद्दींच्या सीमेवरचे राउटर एकमेकांना सांगत असतात, ‘अमुक पत्ते माझ्यामार्फत गाठता येतील.’ त्यांच्या या बोलीचं नाव बीजीपी, बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल. एकाच ठिकाणाच्या दोन-चार वाटा कळल्या की राउटरला त्यातली एक निवडावी लागते. इथे पैशाचा हिशेब सुरू होतो.

कुठल्याही इंटरनेट कंपनीचे शेजारी तीन प्रकारचे असतात. गिऱ्हाईक तिला पैसे देतं. पुरवठादाराला ती स्वतः पैसे देते. या विकत घेतलेल्या सेवेला ट्रान्झिट म्हणतात. तिसरा पिअर, म्हणजे बरोबरीचा शेजारी. दोघं आपापल्या गिऱ्हाइकांची माहिती थेट एकमेकांना देतात, सहसा कुणी कुणाला पैसे देत नाही. आता एखादा पत्ता तिघांमार्फतही गाठता येत असेल, तर कंपनी कुठली वाट घेईल? गिऱ्हाइकाकडून गेलं तर कमाई, पिअरकडून गेलं तर फुकट, पुरवठादाराकडून गेलं तर बिल. क्रम आपोआप लागतो. लिक्सिन गाओ आणि जेनिफर रेक्सफर्ड यांनी २००१ साली हाच क्रम गणिताने तपासला आणि सगळ्यांनी तो पाळला तर जाळं स्थिर राहतं, हे दाखवून दिलं. क्रम पाळण्याची सक्ती मात्र कुणावर नाही.

राउटरमध्ये हा क्रम लोकल प्रेफरन्स नावाच्या आकड्याने घातला जातो. आकडा मोठा, तर वाट वरचढ. राउटरच्या पडद्यावर ते साधारण असं दिसतं. यातले पत्ते आणि क्रमांक नमुन्याचे आहेत:

```
   Network          Next Hop     LocPrf  Path
*> 203.0.113.0/24   192.0.2.9       200  64501 64502 64510 i
*  203.0.113.0/24   192.0.2.5       100  64510 i
```

दोन्ही वाटा एकाच ठिकाणी, 64510 या जाळ्यात जातात. खालची थेट आहे, वरची आणखी दोन जाळी ओलांडते. तरी निवडीची खूण, म्हणजे `>`, वरच्या ओळीवर आहे, कारण तिचा आकडा २०० आणि खालचीचा १००. लांबी बघायची वेळ येते ती हे आकडे सारखे असतील तरच. आणि तेव्हाही मोजली जातात ती वाटेतली जाळी, किलोमीटर नव्हेत. मुंबई ते न्यूयॉर्क पसरलेली कंपनीही मोजताना एकच भरते.

हा आकडा प्रत्येक जाळ्याच्या हद्दीतच राहतो, शेजाऱ्याला तो दिसत नाही. म्हणून आपल्याकडे येणारी वाट दुसऱ्याने कुठली घ्यावी, हे आपण फर्मावू शकत नाही. नावडती वाट लांब दिसावी म्हणून काही कंपन्या तिच्यावर स्वतःचा क्रमांक तीन-चारदा लिहितात. समोरच्याने त्याच वाटेला २०० दिले असतील तर तो सगळा खटाटोप वाया.

निवड झाली की दुसरा प्रश्न, ही वाट कुणाकुणाला सांगायची? गिऱ्हाइकाकडून कळलेली वाट सगळ्या जगाला सांगावी, कारण तिकडे जाणाऱ्या वाहतुकीवर कमाई आहे. पिअर किंवा पुरवठादाराकडून कळलेली वाट फक्त आपल्या गिऱ्हाइकांना सांगावी. नाहीतर दोन बड्या कंपन्यांची वाहतूक आपण आपल्या खर्चाने वाहत बसू. या दुसऱ्या नियमाची चूक झाली की काय होतं, ते १२ मार्च २०१५ रोजी दिसलं.

मुंबईच्या हॅथवे कंपनीचं गूगलशी पिअरिंग होतं. गूगलच्या वाटा तिने स्वतःच्या ग्राहकांपुरत्या ठेवायच्या होत्या. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार दुपारी अडीचच्या सुमारास गूगलच्या पत्त्यांचे तीनशेहून अधिक गट तिने आपल्या पुरवठादाराला, भारती एअरटेलला सांगून टाकले. एअरटेलच्या दृष्टीने वाट अशी झाली:

```
17488 15169
```

15169 म्हणजे गूगल, 17488 म्हणजे हॅथवे. एअरटेलसाठी हॅथवे गिऱ्हाईक. गिऱ्हाइकाची वाट वरचढ आणि ती सगळ्यांना सांगायची, या रिवाजाप्रमाणे ती वाट पुढे जगभर गेली. अमेरिकेतल्या कोजंट आणि लेव्हल थ्री, फ्रान्सची ऑरेंज, सिंगटेल, पाकिस्तान टेलिकॉम यांनी ती स्वीकारली. जगाच्या दुसऱ्या टोकाहून गूगलकडे निघालेली वाहतूक भारतातल्या एका केबल कंपनीच्या जोडण्यांत शिरू पाहत होती. तेवढा भार पेलायला त्या बांधलेल्याच नव्हत्या, त्यामुळे ठिकठिकाणी गूगलच्या सेवा बंद पडल्या.

चूक हॅथवेच्या राउटरवर झाली, हे खरं. पण माझ्या मते खरी ढिलाई वरच्या पायऱ्यांवर होती. हे गिऱ्हाईक गूगलची वाट कशी काय सांगतंय, हा प्रश्न कुणीच विचारला नाही. तो विचारण्याची साधनं तेव्हाही होती. गिऱ्हाइकाने कुठले पत्ते सांगायचे याची यादी ठेवता येते. गटांच्या संख्येवर मर्यादा घालता येते, ती ओलांडली की जोडणी आपोआप तुटते. या याद्या अद्ययावत ठेवणं कटकटीचं असतं, म्हणून ते राहून जातं.

अलीकडे बराच बोलबाला असलेली आरपीकेआय ही सहीची पद्धत इथे उपयोगी पडली नसती. पत्ता मूळ कुणाचा, एवढंच ती तपासते, आणि वाटेच्या शेवटी गूगलचा क्रमांक बरोबरच होता. नेमक्या याच चुकीवरचा तोडगा २०२२ साली आरएफसी ९२३४ या मानकात आला. जोडणी सुरू होतानाच दोन्ही राउटर एकमेकांना आपलं नातं सांगतात, आणि पिअरकडून किंवा पुरवठादाराकडून आलेल्या वाटेवर ‘फक्त गिऱ्हाइकांसाठी’ असा शिक्का बसतो. अर्थात शिक्का मारणारा आणि तो वाचणारा, दोघांनीही ही सोय चालू केलेली हवी.

आता सिंगापूरचा वळसा. मुंबईत दोन कंपन्या थेट जोडलेल्या नसतील, किंवा जोडलेल्या असूनही एकमेकांना सगळ्या वाटा सांगत नसतील, तर दोघींचे पुरवठादार जिथे भेटतात तिथे माहिती जाते. असा देशातला व्यवहार देशातच राहावा म्हणून २००३ साली निक्सी ही संस्था निघाली आणि मुंबईतही तिचं केंद्र झालं. पण केंद्रात तार आणून जोडली म्हणजे वाटा खुल्या झाल्या असं नाही. कुणाला काय सांगायचं, हे तिथेही ज्याचं तो ठरवतो.

वळसा तुम्हाला घरबसल्या तपासता येतो. विंडोज संगणकावर कमांड प्रॉम्प्ट उघडून `tracert` आणि पुढे संकेतस्थळाचं नाव लिहा. समोरचं यंत्र मुंबईत असेल तर पुण्याहून जाऊन परत यायला काही मिलिसेकंद पुरतात. मधल्या एखाद्या ओळीपासून शेवटपर्यंत आकडा एकदम ६० च्या आसपास गेला, तर सिंगापूरचा संशय घ्या; शंभराच्या बराच पुढे गेला, तर युरोपचा. मधलीच एक ओळ फुगलेली असेल तर ती सोडून द्या, तो राउटर फक्त उत्तर द्यायला आळशी असतो. कार्यालयासाठी लाइन घेताना विक्रेता एमबीपीएसचा आकडा पुढे करेल. मुंबईत तुमचं पिअरिंग कुणाकुणाशी आहे, हेही त्याला विचारा.