बारा संघांचा ड्रॉ भिंतीवर मांडताना

चिंचपाड्याच्या मैदानावर नवापूर, विसरवाडी, खांडबारा धरून १२ संघांची टेनिस बॉल नॉकआउट आहे असं समजा. प्रत्येक सामन्यात एक संघ बाद, म्हणजे एकूण ११ सामने. चौकट मात्र १६ची लागते, म्हणून ४ संघांना बाय: दोन वरच्या अर्ध्यात, दोन खालच्या. त्यांची नावं थेट दुसऱ्या रकान्यात लिहा.

रेषा फायनलकडून मागे आखत या, जागा कमी पडत नाही. जिथे दोन रेषा जुळतात तिथे सामना क्रमांक आणि वेळ.

सामन्याला तास धरला, तर पहिला ८ला, चौथा ११ला. १२ वाजता पाचव्यात पहिल्याचाच विजेता खेळवा; चौथ्याच्या विजेत्याला लगेच उतरवलं तर दमलेले बॉलर मार खातात.